दोन सेंटिमीटर पाणी आणि बसलेला आवाज

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि जुलै उजाडेपर्यंत शिक्षकांचे आवाज बसायला लागतात. सुट्टीत महिना-दीड महिना आवाजाला फारसं काम नसतं, आणि मग एकदम दिवसाला पाच-सहा तासिका. त्यात पाऊस. पत्र्याच्या छपराखाली शिकवणाऱ्याला विचारा, सर आली की वर्गात काय होतं ते. पहिल्या बाकावरच्या मुलाला ऐकू जावं म्हणून जेवढा आवाज लागतो तेवढ्यात एरवी मागची भिंत गाठता येते. मुलंही पावसाच्या वरताण बोलायला लागतात, आणि बाई मुलांच्या वरताण. आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरनं १९११ साली नोंदवलं होतं. त्यात महत्त्वाचा शब्द ‘नकळत’ हा आहे. आपण ओरडतोय हे ओरडणाऱ्याला कळत नाही. कळतं ते संध्याकाळी, घरी कुणीतरी हाक मारली आणि ‘ओ’ द्यायला गेलं की तोंडातून नुसती हवा येते तेव्हा.

मग उपाय सुरू होतात. मिठाच्या गुळण्या, हळद-दूध, खडीसाखर, ज्येष्ठमधाची कांडी. यातल्या कशालाच नावं ठेवायची नाहीत. घसा कोरडा पडला असेल तर बरं वाटतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. आपण जे गिळतो ते अन्ननलिकेत जातं, आणि स्वरतंतू आहेत श्वासनलिकेच्या तोंडाशी. घास किंवा घोट उतरताना तो दरवाजा घट्ट बंद होतो, म्हणून तर आपल्याला ठसका लागत नाही. ज्येष्ठमध स्वरतंतूंवर लावला जात नाही. पाणी भरपूर पिण्याचा उपयोग होतो, पण तो शरीरात ओल राहते म्हणून, आणि त्याला वेळ लागतो.

दुसरा सल्ला म्हणजे गप्प बसणं. तो योग्यच आहे, फक्त शिक्षकाला, कीर्तनकाराला किंवा भाजीवालीला तो पाळता येत नाही. तिसरा मार्ग फार कमी जणांना माहीत आहे. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून, तिच्यातून ‘ऊ’ असा आवाज काढत बुडबुडे सोडायचे, आणि त्याला जोडून हलकं गुणगुणायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. परंतु आवाजाचे उपचार करणारे तज्ज्ञ जगभर हेच शिकवतात, आणि त्यामागचं कारण एकदा समजलं की तो करायचा कसा हेही आपोआप समजतं.

स्वरतंतू म्हणजे तारा नव्हेत. मऊ, ओलसर त्वचेच्या त्या दोन घड्या आहेत. प्रौढ बाईच्या दीडेक सेंटिमीटर लांबीच्याही नसतात, पुरुषाच्या थोड्या मोठ्या. फुफ्फुसातली हवा त्यांना खालून ढकलून उघडते, त्या पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. बाईच्या बोलण्यात हे सेकंदाला साधारण २०० वेळा होतं, पुरुषाच्या बोलण्यात शंभर-सव्वाशे वेळा. दिवसभराच्या शिकवण्यातून थांबे, श्वास आणि ‘स’, ‘श’सारखे कंप नसलेले वर्ण वगळून निव्वळ आवाज एक तास भरला असं धरलं, तरी ३,६०० गुणिले २००, म्हणजे ७ लाख २० हजार वेळा त्या दोन घड्या एकमेकींवर येतात. हलक्या आवाजात हा स्पर्श निसटता असतो. ओरडताना ती टाळी असते, आणि टाळ्या वाजवून तळवे लाल होतात तसंच इथेही होतं. घड्यांच्या कडा सुजतात. सुजलेल्या कडा जड होतात, नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते, म्हणून आवाज घोगरा येतो. मग तो नीट यावा म्हणून माणूस आणखी जोर लावतो. सुजेवर पुन्हा टाळी. आवाज बसण्याचं दुष्टचक्र ते हेच.

आता ओठांपाशी रस्ता अरुंद केला तर काय होतं पाहा. बाहेर पडायला जागा कमी म्हणून थोडी हवा तोंडात आणि घशात तुंबते. तिचा सौम्य दाब स्वरतंतूंवर वरच्या बाजूनं पडतो. खालून फुफ्फुसाचा दाब, वरून हा, आणि दोहोंच्या मध्ये त्या घड्या किंचित विलग राहतात. कंप होतो, पण आपटणं कमी होतं. शिवाय तोंडातल्या आणि नळीतल्या हवेचा तो लांबट स्तंभ कंपाला टेकू देतो, त्यामुळे आवाज सुरू व्हायलाच कमी जोर लागतो. इंगो टिट्झ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी हे गणित मांडलं. त्यांचा २००६ सालचा लेख या विषयात आजही आधाराला घेतला जातो. पण नळीचा उपयोग त्याच्या कितीतरी आधीचा. फिनलंडमध्ये आन्ती सोविजार्वी हे ध्वनिशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात काचेची नळी वापरत. मोठ्या माणसाला २६ ते २८ सेंटिमीटर लांब, आतून आठ-नऊ मिलिमीटर रुंद, आणि तिचं टोक पाण्यात. पुढे त्याच देशातल्या मार्केता सिह्वो यांनी काचेऐवजी मऊ सिलिकॉनची नळी आणली. आपल्याला एवढं काही लागत नाही.

लागते ती एक साधी स्ट्रॉ, आतून पाच-सहा मिलिमीटरची. १ जुलै २०२२पासून प्लॅस्टिकच्या एकदा वापरून टाकायच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आहे, आणि कागदाची स्ट्रॉ दोन मिनिटांत ओठाशी लगदा होते. स्टीलची सर्वांत सोयीची. वाकडी मिळाली तर जास्त चांगली, कारण मान खाली घालावी लागत नाही. सोबत एक ग्लास किंवा रुंद तोंडाची बाटली. बाटलीचा फायदा असा की पाणी अंगावर उडत नाही. मात्र तोंड निमुळतं असेल आणि स्ट्रॉनं ते बंद होत असेल तर हवा बाहेर पडायला वाट राहणार नाही. अर्धा ग्लास साधं पाणी घ्यावं. आणि स्ट्रॉच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर एक रबरबँड लावावा. या सगळ्या प्रकारात हा रबरबँड सर्वांत महत्त्वाचा आहे.

कारण असं. स्ट्रॉचं टोक पाण्याखाली जितके सेंटिमीटर, तितक्या सेंटिमीटर पाण्याचा दाब आपल्या हवेला ओलांडावा लागतो. साधं बोलताना फुफ्फुसातून स्वरतंतूंखाली जो दाब येतो, तो याच मापात सहा ते आठ सेंटिमीटर पाण्याएवढा असतो. टोक दोन सेंटिमीटरवर ठेवलं की त्यातला थोडासाच भाग तोंडाशी अडतो. नेमका एवढाच आपल्याला हवा. पण काठोकाठ भरलेल्या ग्लासात स्ट्रॉ तळाला टेकवली, म्हणजे दहा सेंटिमीटर, तर बोलण्याचा सगळा दाब नुसता पहिला बुडबुडा काढण्यातच संपतो. आवाज यावा म्हणून पोट आणि मान दोन्ही आवळावी लागतात. ज्या जोरापासून सुटका हवी होती तोच जोर आपण ग्लासात शिकतो. ‘मी करून पाहिलं, उलट घसा दुखला’ असं कुणी म्हणालं तर आधी स्ट्रॉ कुठवर बुडवली होती ते विचारावं. बहुतेकांची तळाला लागलेली असते, कारण सरबत पिताना ती तिथेच असते.

खुर्चीत टेकून किंवा उभं राहून, ग्लास हनुवटीच्या उंचीला धरावा. हनुवटी पुढे काढून स्ट्रॉपर्यंत जायचं नाही, स्ट्रॉ तोंडापर्यंत आणायची. ओठ तिच्याभोवती मिटलेले, पण दात एकमेकांवर नाहीत आणि स्ट्रॉही दातात धरलेली नाही. आधी आवाज न काढता तीन-चार श्वास नुसते बुडबुडे सोडावेत. एका लयीत, छोटे, सारखे. हे जमलं की त्याच श्वासावर ‘ऊस’मधला ‘ऊ’ ठेवायचा, आपल्या बोलण्याच्या पट्टीत, शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतका हळू. गाल थोडे फुगले, थरथरले तर उत्तमच. एक ‘ऊ’ पाच ते आठ सेकंद. श्वास संपेपर्यंत ताणायचा नाही. शेवटची हवा पिळून काढताना गळा आवळतोच.

बुडबुडे इथे गुरूचं काम करतात. सेकंदाला पंधरापासून चाळीसपर्यंत फुटणाऱ्या या बुडबुड्यांची थरथर घशापर्यंत जाणवते, आणि बऱ्याच जणांना त्यानंच गळा सैल झाल्यासारखा वाटतो. शिवाय ते चुगली करतात. आवाज चालू आहे पण बुडबुडे थांबले, तर हवा नाकातून चालली आहे. नाक चिमटीत धरून पाहावं, आवाज बदलला नाही तर हवा नीट स्ट्रॉतूनच जाते आहे. बुडबुडे आहेत पण ‘ऊ’ तुटतोय, फुरफुरतोय, तर हवा जास्त सोडली जाते आहे. पाणी उसळून बाहेर पडलं तर सांगायला नकोच.

‘ऊ’ स्थिर झाला की त्याला हलवायचं. गाणाऱ्यांना मींड माहीत असते; तशीच मधल्या सुरावरून थोडं वर जायचं आणि सावकाश खाली यायचं. आधी दोन-तीन सुरांचाच पल्ला. वाटेत एखाद्या ठिकाणी आवाज अडखळेल, नाहीसा होईल, पुन्हा येईल. तिथे जोर लावून पार व्हायचं नाही. हळू करून त्याच जागेवरून पुन्हा जायचं. सूज असेल तर ती जागा आज सुटणार नाही, आणि नाही सुटली तरी चालतं. शेवटी रोजच्या एखाद्या आरतीची किंवा प्रार्थनेची चाल, शब्दांवाचून, स्ट्रॉमधून. चालीत चढउतार आणि ठेका दोन्ही असतात, म्हणून हे बोलण्याच्या सर्वांत जवळ जातं. दोन-तीन मिनिटांत हे सगळं होतं, आणि एका वेळेला तेवढंच पुरे. सकाळी शाळेआधी, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर असं वाटून करावं. एकदम वीस मिनिटं केलं तर थकलेल्या अवयवाला आणखी वीस मिनिटांचं काम दिल्यासारखं होतं. डोकं हलकं वाटलं, भोवळ आली तर श्वास जास्त जोरात सोडले जात आहेत. थांबावं, साधा श्वास घ्यावा.

स्ट्रॉ बाजूला ठेवल्यावर लगेच फळ्याकडे वळायचं नाही. मधे गुणगुणणं यायला हवं. स्ट्रॉमधला आवाज सोपा असतो, वर्गातला अवघड, आणि सवय झाली नसेल तर माणूस एका क्षणात जुन्या ताणाकडे परततो. तोंड मिटून काढलेल्या ‘म्’मध्येही रस्ता अरुंदच असतो, फक्त हवा नाकातून जाते, म्हणून दाब स्ट्रॉपेक्षा कमी. इथे नाक चिमटीत धरलं की आवाज ताबडतोब बंद पडला पाहिजे.

कुठल्या सुरात गुणगुणायचं, हा नव्या माणसाचा नेहमीचा प्रश्न. गोष्ट ऐकताना मूल मधूनमधून हुंकार देतं ना, तो हुंकार द्यायचा. कुणी बोलत असताना आपण न ठरवता ‘हूं’ म्हणतो, त्या वेळी आवाज जिथे लागतो ती आपली सोपी पट्टी. ओठ एकमेकांना जेमतेम लागलेले, आत दात सुटे, जीभ खाली पडलेली. असं ‘म्म्’ धरलं की ओठांवर, नाकाच्या दांडीशी गुदगुल्या जाणवतात. त्या जाणवत नसतील आणि घशाशी काही तरी आवळल्यासारखं वाटत असेल, तर आवाज निम्मा करावा. तरीही तसंच राहिलं तर त्या वेळी गुणगुणणं सोडून पुन्हा स्ट्रॉकडे जावं.

भ्रामरी प्राणायाम करणारे म्हणतील, हे तर आम्ही रोजच करतो. बरंचसं खरं आहे. पण भ्रामरीत कान बंद असतात, त्यामुळे बाहेर आवाज कसा पडतो आहे याचा अंदाज येत नाही, आणि अनेकांचा भर लांब उच्छ्वासावर असतो. शेवटच्या सेकंदापर्यंत गुंजारव टिकवायचा. आवाज बसलेला असताना कान उघडे ठेवावेत आणि गुंजारव छोटे ठेवावेत. ओंकाराचंही तसंच. त्यातल्या मकारात जास्त रेंगाळावं, आणि खर्जात उतरण्याचा आग्रह सूज ओसरेपर्यंत बाजूला ठेवावा.

‘म्म्’ जमला की तो उघडायचा: म्म्‌मा, म्म्‌मी, म्म्‌मू. मग ‘म’ आणि ‘न’ भरलेली वाक्यं, कारण या वर्णांत नाकाच्या दांडीवरची ती थरथर आपोआप सांभाळली जाते. ‘मामी मनूला मेणबत्ती मागते.’ ‘मावशीनं मला मेथी निवडून मागितली.’ अर्थाकडे कुणी पाहत नाही. आधी गाण्यासारखं एका सुरात, मग बोलण्याच्या चढउतारात, मग नेहमीचं वाक्य: ‘मुलांनो, वह्या काढा.’ आधीच्या वाक्यांत जे ओठांशी जाणवत होतं ते या वाक्यात निसटलं, तर एक पायरी मागे.

हे आठवडाभरात कसं घडतं ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, एका द्विशिक्षकी शाळेतल्या बाई आहेत. वय चाळिशीचं, पहिली-दुसरी एकत्र, वर पत्रा. सोमवार-मंगळवार जोराचा पाऊस झाला. बुधवारी शाळा सुटताना आवाज घोगरा, आणि घशात काही तरी अडकल्यासारखं वाटून दर वाक्याला खाकरणं. ताप नाही, सर्दी नाही, गिळताना दुखत नाही. म्हणजे हा संसर्गानं सुजलेला नव्हे, वापरानं थकलेला आवाज असण्याची शक्यता जास्त.

घरी गेल्यावर त्या आधी एक चाचणी करतात. बोलण्याच्या पट्टीपेक्षा बऱ्याच वरच्या सुरात, अगदी हळू, मूल झोपलं आहे असं समजून, ओळखीच्या गाण्याची पहिली ओळ म्हणायची. सुजलेल्या स्वरतंतूंना मोठ्यानं आणि उंच गाता येतं, कारण जोर सूज झाकतो. हळू आणि उंच मात्र जमत नाही. सुरुवातीला नुसती हवा येते, सूर उशिरा लागतो किंवा मधेच गायब होतो. रॉबर्ट बास्टियन या अमेरिकी घसातज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली सूज ओळखायला अशाच साध्या चाचण्या सुचवल्या होत्या. बाईंच्या ओळीतले पहिले दोन शब्द हवेतच जातात. फोनवर त्या ते रेकॉर्ड करतात, सोबत ‘मुलांनो, वह्या काढा’ हेही.

त्या रात्री स्ट्रॉ तीन मिनिटं. नंतर पुन्हा चाचणी. ओळ अजूनही हवेशीरच, पण बोलण्याचं वाक्य सुटं झालेलं असतं. घशाशी आवळलेलं थोडं कमी. हा फरक पंधरा-वीस मिनिटं टिकतो आणि मग ओसरतो. इथे बहुतेक जण निराश होतात, किंवा उलट ‘बरा झाला’ म्हणून बहिणीला फोन लावतात. दोन्ही चूक. तीन मिनिटांत सूज उतरत नसते. झालेलं असतं एवढंच की आवाज काढण्याची पद्धत बदलली, जोर गेला. सूज उतरायला रात्र लागते, आणि तिला ती रात्र शांत मिळायला हवी.

गुरुवारी सकाळी स्ट्रॉ, गुणगुणणं, दोन वाक्यं. वर्गात बाई पाऊस चालू असेपर्यंत पाढे आणि वाचन थांबवतात, मुलांना लिहायला देतात, लक्ष वेधायला टेबलावर पट्टी वाजवतात, आणि काही सांगायचंच असेल तर बाकांच्या मधे जाऊन सांगतात. मधल्या सुट्टीत इतरांबरोबर गप्पा मारण्याऐवजी ग्लास घेऊन दोन मिनिटं कोपऱ्यात. मुलं खिडकीतून पाहून हसतात, तेवढं सोसावं लागतं. खाकरावंसं वाटलं की एक घोट पाणी किंवा कोरडा आवंढा, कारण खाकरणं म्हणजे त्याच सुजलेल्या कडा एकमेकींवर घासणं. कुजबुजणंही नाही, आवाज वाचवायला म्हणून जोर लावून केलेली कुजबुज बऱ्याच जणांत गळा जास्त आवळते. हळू पण खरा आवाज बरा. शुक्रवारी संध्याकाळी चाचणीत पहिलाच शब्द लागतो, शेवटचा निसटतो. रविवारी पूर्ण ओळ येते. बुधवारच्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहिलं की फरक कानाला कळतो. नुसत्या आठवणीवर कळला नसता, कारण बसलेल्या आवाजाची आपल्याला फार लवकर सवय होते.

यातलं किती श्रेय स्ट्रॉचं आणि किती गुरुवारी कमी बोलण्याचं? प्रामाणिक उत्तर असं की दोन्हींचं, आणि ते वेगळं काढता येत नाही. माझं मत विचाराल तर कमी बोलण्याचं जास्त. पण निव्वळ मौन पाळलेला माणूस शुक्रवारी पुन्हा जुन्याच जोरानं बोलायला लागतो, ही त्यातली मेख. कॅथरीन व्हर्दोलिनी अॅबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१२ सालचा एक प्रयोग इथे आठवतो. मोठ्यानं बोलायला लावून स्वरतंतू थकवले, मग कुणाला मौन, कुणाला नेहमीचं बोलणं आणि कुणाला गुणगुणण्याच्या जातीचे, नाकाच्या दांडीवर थरथर जाणवणारे हलके व्यायाम दिले. दुसऱ्या दिवशी दाहाच्या खुणा हलक्या व्यायामानंतर सर्वांत आशादायक दिसल्या. माणसं अगदी मोजकी होती, त्यामुळे यावरून फार पुढे जाऊ नये. तरी सौम्य हालचाल थकलेल्या स्नायूला मानवते, तशी थकलेल्या आवाजालाही मानवत असावी, एवढा आधार त्यातून मिळतो.

काही वेळा मात्र स्ट्रॉ हातात घ्यायचीच नाही. सर्दी-तापानं घसा सुजून आवाज पूर्ण गेला असेल, आवाज काढताना दुखत असेल, तर दोन-चार दिवस विश्रांतीच. ओरडताना, खोकताना किंवा वरचा सूर घेताना एका क्षणात आवाज गेला असेल तर स्वरतंतूत रक्त उतरलेलं असू शकतं. तिथे एकही ‘ऊ’ न काढता डॉक्टर गाठावा. घशाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टर सांगतील तेव्हाच. व्यायाम करताना दुखू लागलं किंवा नंतर आवाज जास्त घोगरा झाला, तर खोली आणि जोर दोन्ही कमी करून पाहावं, आणि तरीही तसंच झालं तर थांबावं. आणि स्ट्रॉ प्रत्येकाची आपापली. शिक्षकखोलीत एकच फिरवू नये. पाणी दर वेळी नवं घ्यावं.

घोगरेपणा तीन-चार आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचंच. तंबाखू, गुटखा, विडी-सिगारेट असेल तर तेवढीही वाट पाहू नये. थुंकीतून रक्त, गिळायला त्रास, श्वास घेताना घरघर, मानेत गाठ, यातलं काही असेल तर लगेच. हे स्ट्रॉनं बरं होणारं नाही, आणि स्ट्रॉमुळे चार दिवस बरं वाटून उशीर झाला तर तो महागात पडतो. तज्ज्ञ दुर्बिणीनं स्वरतंतू पाहतात. सतत ताणानं आलेल्या छोट्या गाठी दिसल्या तर बऱ्याचदा आधी शस्त्रक्रिया न करता आवाजाचे उपचार सुचवतात, आणि त्यात हाच व्यायाम नीट मापून, समोर बसवून शिकवला जातो. हे काम वाचा-उपचारतज्ज्ञांचं. लहान मुलांच्या बोलण्याच्या अडचणींसाठी लोक त्यांच्याकडे जातात, मोठ्यांचा आवाजही तेच पाहतात हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत असे तज्ज्ञ तयार होतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात त्यांची चौकशी करावी. जाताना फोनमधली ती रेकॉर्डिंग्ज तारखेसकट दाखवावीत, कारण दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तासभर गप्प बसावं लागतं, आणि डॉक्टरांसमोर आवाज नेमका बरा निघतो.